मावशीचा अंगठा आणि कोरी चौकट

मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर मफलरच्या नमुन्याचा फोटो पाठवला. मूळ पान कुठल्याशा जुन्या पुस्तकातलं, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा फोटो, आणि फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मावशीचा अंगठा. सोबत ओळ : “सोप्पंय गं. 25 टाके घाल.”

चौकटी होत्या रुंदीला 13 आणि उंचीला 4. तेरा चौकटींत पंचवीस टाके कसे मावायचे, याचं उत्तर मला बऱ्याच वेळाने दिसलं. मधल्या सहा चौकटींभोवती जाड रेघ होती. तेवढा भाग तीनदा विणायचा, म्हणजे अठरा. बाहेर उरल्या सात : दोन्ही काठांच्या तीन-तीन आणि एक जोडाची. बरोबर पंचवीस.

आता वाचायचं कुठून? आपला हात वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचण्यात मुरलेला. विणकाम मात्र खालून वर वाढतं, म्हणून नकाशाही खालून वर. डाव्या कडेला 2 आणि 4 हे आकडे होते, उजवीकडे 3, आणि 1 अंगठ्याखाली. ज्या कडेला आकडा, तिथून ती सुई सुरू. (आमच्याकडे ओळीला सुईच म्हणतात.) विषम सुया उजवीकडून डावीकडे, सम सुया डावीकडून उजवीकडे. प्रत्येक सुईनंतर आपण विणकाम फिरवतो, म्हणून नजरही फिरवायची.

खुणांचा अर्थ मावशीने फोनवर सांगितला. कोरी चौकट सुलट, टिंब उलट. शून्य म्हणजे सुईवर लोकरीचा नुसता वेढा, तिथे जाळीचं भोक पडतं. तिरकी रेघ म्हणजे दोन टाक्यांचा एक. रेघ जिकडे कललेली, तिकडेच तो टाका कलतो. उजवीकडे कललेली असेल तर दोन टाके मिळून सरळ सुलट विणायचे. डावीकडे असेल तर दोन्ही टाके सुलट विणल्यासारखे एकेक करून उचलायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे.

पहिली सुई झकास झाली. काठाचे तीन आणि जोडाचा एक सुलट. मग दोनाचा एक, वेढा, सुलट, वेढा, दोनाचा एक डावीकडे झुकणारा, सुलट. हे तीनदा, शेवटी काठाचे तीन. दर सहा टाक्यांत दोन टाके कमी होतात आणि दोन वेढे ते भरून काढतात, म्हणून मोजले की पुन्हा पंचवीसच. चोवीस भरले तर एखादा वेढा राहिलाय.

दुसऱ्या सुईत दोन्ही काठांना तीन-तीन टिंबं, मध्ये सगळं कोरं. मी टिंबाला उलट विणलं, कोऱ्याला सुलट. बारा सुया झाल्यावर मफलर टेबलावर ठेवला तर काठ मागच्या बाजूला गुंडाळी होऊन पडले आणि मधली जाळी आडव्या वळ्यांत बुडून गेली. मावशीला फोटो पाठवला. अंगठा न घालता.

“अगं,” ती म्हणाली, “चौकटीत काढलंय ते समोरून दिसणारं कापड. तू दुसरी सुई विणतेस तेव्हा कापडाची पाठ तुझ्याकडे असते ना?”

पाठीकडून उलट विणलेला टाका समोरून सुलट दिसतो आणि सुलट विणलेला उलट. म्हणून सम सुईत कोऱ्या चौकटीला उलट विणायचं, टिंबाला सुलट. आपल्या भाषेने या गोंधळात तेल ओतलंय : टाकाही उलट आणि बाजूही उलट. मी आता घोकते, “उलट बाजूला कोरं ते उलट”. हे कळलं की काठही कळतो. पहिल्या सुईत कोरा, दुसरीत टिंबं, पण हाताने दोन्ही वेळा सुलटच. त्यानेच काठ सपाट बसतो. मी नेमकी अदलाबदल केली होती, काठाचं मध्यात आणि मध्याचं काठाला.

बारा सुया उसवल्या. मग गणिताच्या वहीत नकाशा मोठा उतरवून काढला, कारण झेरॉक्सचे डाग टिंबांसारखेच दिसत होते. तिसरी सुई सगळी कोरी, तिच्या मधोमध एकच टिंब, आणि ते चौकटीच्या रेघेला चिकटलेलं. खरं टिंब चौकटीत मध्यावर असतं, तेव्हा हा डागच. पट्टी मी चालू सुईच्या वर ठेवते, खाली नाही. विणून झालेलं दिसत राहिलं की भोकावर भोक येतंय ना, ते तपासता येतं.

काल मावशीने टोपीचा नमुना पाठवला. या वेळी अंगठा नाही, पण फोटो आडवा आहे. आडव्या फोटोत उजवीकडे कललेली रेघ डावीकडे कललेली दिसते, म्हणून आधी आकडे उभे करून घेतले. टाके मग.