दोन रुपयांचे ऐंशी पैसे झाले तेव्हा

मी गेली नऊ वर्षे सोलापुरात घरी बसून इंग्रजीतून मराठीत अनुवादाचे काम करते. बहुतेक काम माहितीपुस्तिकांचे असते आणि ते पुण्या-मुंबईच्या अनुवादसंस्थांकडून येते. गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका संस्थेच्या समन्वयकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. डाळिंब आणि द्राक्ष बागायतदारांसाठी असलेल्या फवारणी पंपांच्या पुस्तिकेचे 46,000 शब्दांचे काम होते, मुदत 18 दिवसांची होती आणि दर प्रति शब्द 80 पैसे होता. खाली लिहिले होते, "मॅडम, या वेळी बजेट टाइट आहे, पण पुढे भरपूर काम येणार आहे."

याच संस्थेशी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये माझा दर ईमेलवर ठरला होता. मूळ इंग्रजी मजकुराच्या प्रत्येक शब्दामागे 2 रुपये आणि त्यात दुरुस्तीची एक फेरी धरलेली, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या दराने मी त्यांची तीन कामे पूर्ण केली होती आणि तिसऱ्याचे बिल अजून यायचे होते. म्हणजे नवा दर ठरलेल्या दराच्या निम्माही नव्हता. वाचल्यावर जे सुचले ते मी लिहून काढले, पण रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणून पाठवले नाही. समन्वयकांना फक्त "फाइल पाहून उद्या ईमेलने उत्तर देते" एवढेच कळवले. निरोप व्हॉट्सॲपवर आला तरी दराविषयीचे उत्तर ईमेलनेच द्यायचे हे मी ठरवले होते, कारण मूळ दर तिथेच ठरला होता आणि त्याच साखळीत उत्तर गेले की जुना करार आपोआप खाली दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी हिशेब केला. समन्वयकांचे म्हणणे होते की पुस्तिकेत पुनरुक्ती खूप आहे, त्यामुळे दर कमी धरला आहे. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पुस्तिका चार प्रकारच्या पंपांची होती आणि "टाकीत द्रावण असताना झाकण उघडू नका" यासारखी वाक्ये प्रत्येक प्रकाराखाली जशीच्या तशी आलेली होती. अनुवादासाठी आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की किती शब्द नव्याने करायचे आणि किती तंतोतंत पुन्हा आलेले आहेत, हे वेगवेगळे मिळते. माझ्या मोजणीत सुमारे 9,000 शब्द पुनरुक्तीचे निघाले आणि 37,000 नवे. पुनरुक्त वाक्याचा अनुवाद आधीच तयार असतो, पण तो त्या ठिकाणी बसतो का हे वाचावे लागतेच, म्हणून अशा शब्दांना मी मूळ दराच्या 30 टक्के म्हणजे 60 पैसे आकारते. त्या हिशेबाने नव्या शब्दांचे 74,000 आणि पुनरुक्तीचे 5,400 मिळून 79,400 रुपये होत होते, म्हणजे सरासरी सुमारे एक रुपया त्र्याहत्तर पैसे. ऐंशी पैशांनी सगळ्या कामाचे मिळून 36,800 झाले असते. पुनरुक्तीची पूर्ण सवलत देऊनही मधले अंतर 42,600 रुपयांचे राहत होते, आणि मुदतीनुसार रोज अडीच हजारांहून अधिक शब्द करावे लागले असते. तांत्रिक मजकूर मी स्वतः तपासून दिवसाला सुमारे दोन हजार शब्द पूर्ण करते, त्याहून वेगाने केले की चुका राहतात.

हा हिशेब करण्याचा खरा उपयोग उत्तर लिहिताना झाला. त्याआधी माझ्या मनात नुसता राग होता. समोरच्याने दिलेले कारण तपासून त्यातले जे बरोबर आहे ते मान्य केले, की नकार अपमानाला दिलेले प्रत्युत्तर वाटत नाही.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, "सध्या हे काम जमणार नाही, क्षमस्व." वाचून पाहिले आणि त्यातला प्रत्येक शब्द चुकीचा वाटला. "जमणार नाही" म्हटले की मराठी माणसाला वाटते, हिच्याकडे वेळ नाही, मग तो मुदत वाढवून देतो आणि दर तसाच राहतो. "सध्या" म्हटले की पुढच्या महिन्यात तोच दर घेऊन पुन्हा विचारणा होते. "या दरात बसत नाही" असे लिहावे, तर तो बाजारातला घासाघीस सुरू करण्याचा शब्द आहे आणि त्यावर हमखास "मग किती म्हणता?" असे येते. आणि क्षमा कशाची मागायची? दर मी बदललेला नव्हता. शेवटी "या दराने हे काम मी स्वीकारू शकत नाही" हे साधे वाक्य ठेवले, कारण त्यात कारण दर आहे हेही येते आणि नकार आहे हेही.

दुसरी चूक मी जवळजवळ केलीच होती. मसुद्याच्या शेवटी "दीड रुपयाने विचार करता येईल" असे एक वाक्य होते. ते पाहुण्यांना आणखी एक भाकरी वाढावी तसे, नुसत्या संकोचातून आले होते. दीड रुपया एकदा ईमेलमध्ये आला असता, तर दोन रुपये तिथेच संपले असते आणि पुढच्या प्रत्येक कामाची बोली दीडापासून खाली सुरू झाली असती. दर कमी करण्याऐवजी काम कमी करता येते हे मला तेव्हा सुचले. पुस्तिकेतला सुरक्षासूचनांचा आणि औषध मिसळण्याच्या प्रमाणांचा भाग 11,000 शब्दांचा होता. तिथे चूक झाली तर फवारणी करणाऱ्याच्या डोळ्यांवर किंवा बागेवर बेतते, म्हणून तेवढाच भाग ठरलेल्या दराने करून देण्याची तयारी मी दाखवली.

तिसरी गोष्ट वडिलांनी काढली. ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात तीस वर्षे पत्रव्यवहार पाहत होते. चष्मा लावून त्यांनी मसुदा वाचला आणि विचारले, "अगं, यात तू नाही कुठे म्हणतेस?" मी आठव्या ओळीवर बोट ठेवले. ते म्हणाले, "सात ओळी वाचेपर्यंत त्या माणसाला वाटणार की तू हो म्हणतेयस." मी नकार दुसऱ्या वाक्यात आणला. थकलेल्या बिलाचा उल्लेखही त्यांनीच काढायला लावला. तो त्याच पत्रात राहिला असता, तर समोरच्याला मी बिलासाठी अडून बसले आहे असे वाटले असते. त्या बिलाचे स्मरणपत्र मी दोन दिवसांनी त्याच्या स्वतःच्या साखळीत वेगळे पाठवले.

शेवटी गेलेले पत्र असे होते:

"माननीय महोदय,
फवारणी पंपांच्या पुस्तिकेसाठी माझा विचार केल्याबद्दल आभारी आहे. मात्र प्रति शब्द 80 पैसे या दराने हे काम मी स्वीकारू शकत नाही.
आपल्यात गेल्या जूनमध्ये प्रति शब्द 2 रुपये हा दर ठरला होता आणि मागील तिन्ही कामे त्या दराने झाली आहेत. संदर्भासाठी ते ईमेल खाली जोडलेले आहे. पुस्तिकेत पुनरुक्ती आहे हे आपले म्हणणे मी फाइलमध्ये तपासले. सुमारे 9,000 शब्द पुनरुक्त आहेत आणि त्यांना 60 पैसे दर लावता येईल. तसे केल्यास एकूण रक्कम 79,400 रुपये होते. कामाला 23 दिवस लागतील.
एवढी तरतूद शक्य नसल्यास सुरक्षासूचना आणि मिश्रणाची प्रमाणे हा सुमारे 11,000 शब्दांचा भाग मी ठरलेल्या दराने 6 दिवसांत करून देऊ शकते. याबाबत शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे दिवस राखून ठेवता येतील. दोन्ही पर्याय सोयीचे नसतील तर हे काम आपण अन्य अनुवादकाकडे अवश्य द्यावे.
कळावे."

शुक्रवारची मुदत घालताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले होते, पण ती नसती तर मी आठवडाभर दुसरे काम घ्यायचे टाळत बसले असते.

ईमेलचे उत्तर आले नाही, गुरुवारी दुपारी फोन आला. फोनवर नकार टिकवणे पत्रापेक्षा अवघड असते, कारण समोरचा माणूस गोड बोलतो आणि मधल्या शांततेत आपणच काहीतरी देऊन बसतो. समन्वयक म्हणाले, "मॅडम, सव्वा रुपया करू. घरचंच काम समजा." मी पत्र समोर उघडून ठेवले होते. "सर, मी लिहिले आहे ते दोनच पर्याय आहेत, आपण वरिष्ठांशी बोलून कळवा," एवढे म्हणून मी थांबले. ते "बघतो" म्हणाले. फोन संपताच मी झालेले बोलणे दोन ओळींत ईमेलने पाठवले, म्हणजे सव्वा रुपयाला मी होकार दिला असे पुढे कोणी म्हणू नये. शुक्रवार कोरडा गेला आणि शनिवारी मी एका बियाणे कंपनीची पत्रके करायला घेतली.

मेअखेर त्याच समन्वयकांचा पुन्हा निरोप आला. अनुवाद दुसऱ्या कोणी केला होता आणि तो 30 पैसे दराने "फक्त नजरेखालून घालायचा" होता. मी हो किंवा नाही म्हणण्याआधी नमुन्याचे पाचशे शब्द मागवले. पहिल्या पानावर नोझलला नोझल म्हटले होते, दुसऱ्या पानावर तोटी आणि त्याखालच्या आकृतीत चंचू. एका इशाऱ्यातला "नका" गळाला होता, त्यामुळे पंप चालू असताना नळी काढा असा अर्थ निघत होता. मी तीन ओळींचे उत्तर लिहिले: नमुना पाहिला, हे तपासणीचे काम नसून पुन्हा अनुवाद करण्याचे आहे, त्यासाठी माझा दर प्रति शब्द 2 रुपये आहे. गळालेल्या "नका"चे ठिकाण मात्र पान आणि ओळ देऊन कळवले, त्याचे पैसे मागितले नाहीत, कारण ती पुस्तिका आमच्याच भागातल्या कुणाच्या तरी हातात जाणार होती.

त्या पत्राला उत्तर आले नाही. जुन्या तिसऱ्या कामाचे बिल मात्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, 10 टक्के कर कापून, खात्यात जमा झाले.