मामा डच पोशाखात: रेम्ब्रांटच्या चित्रात चेहरा बसवण्याचा तिसरा प्रयत्न

माझे थोरले मामा चाळीस वर्षे सुतारकामात होते. संगणकावर त्यांचा चेहरा जुन्या चित्रात बसवून सतराव्या शतकातल्या डच पद्धतीचे व्यक्तिचित्र करायचे ठरवल्यावर मूळ चित्राचा शोध फार लांबला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रेम्ब्रांटने 1640 मध्ये रंगवलेले हर्मन डूमर यांचे चित्र आहे. डूमर हे अॅम्स्टरडॅमचे आबनूस या काळ्या लाकडाच्या चौकटी आणि कपाटे घडवणारे कारागीर, म्हणजे मामांच्याच धंद्यातले. संग्रहालयाने 2017 पासून स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या प्रतिमा मुक्तपणे वापरायला दिल्या असल्याने मोठ्या आकाराची फाइल सहज मिळते. शिवाय डूमर यांच्या डोक्यावर रुंद काठाची काळी टोपी आहे आणि गळ्यात खांद्यांवर पडणारी चुणीदार पांढरी कॉलर. केसांची कड आणि मान जोडणे हे या कामातले सर्वांत कटकटीचे भाग, आणि ते दोन्ही इथे पोशाखानेच झाकले आहेत.

पहिल्या प्रयत्नात मी एका लग्नातला फोटो कापून चिकटवला. त्यात फ्लॅश समोरून पडलेला होता, तर चित्रात प्रकाश डावीकडून आणि वरून येतो. रंग कितीही जुळवले तरी चेहरा स्टिकरसारखाच दिसत राहिला, कारण नाकाची सावली जिथे पडायला हवी तिथे ती नव्हतीच. नसलेली सावली नंतर रंगवली तर नाकाचा आकार आपण अंदाजाने ठरवतो, आणि ओळख तिथेच निसटते. म्हणून फोटो चित्राच्या प्रकाशातच नव्याने काढणे भाग होते.

मामांना खिडकीच्या कडेला बसवले, उजवीकडे खुर्चीच्या पाठीवर काळी शाल टाकली आणि कॅमेरा सुमारे अडीच मीटर मागे नेऊन झूम वापरला. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तो दोष पुढे कोणत्याही साधनाने नीट दुरुस्त होत नाही. टोपीच्या काठाची सावली कपाळावर यावी म्हणून मामींनी सूप डोक्यावर धरले, आणि त्याने काम अगदी चोख झाले. पांढरा टॉवेल खांद्यांवर पसरला, तोही नुसता सोंगासाठी नव्हे. इतकी मोठी पांढरी कॉलर खालून प्रकाश परावर्तित करते आणि हनुवटीखालची सावली उजळते. हा उजाळा नसला की डोके कॉलरवर ठेवल्यासारखे दिसते, कॉलरमधून वर आल्यासारखे नाही. चष्मा मात्र उतरवायला लावला, कारण कानांवर काड्या अडकवायचा चष्मा त्या काळात नव्हता.

दुसरा प्रयत्न या चांगल्या फोटोवर असूनही फसला, आणि चूक पूर्णपणे माझी होती. मामांचा चेहरा डूमर यांच्यापेक्षा रुंद आहे. टोपी आणि कॉलर यांच्यामधल्या जागेत तो बसावा म्हणून मी फोटो आडवा जेमतेम पाच टक्के दाबला. पाच टक्क्यांनी काय बिघडणार, असे मला वाटले होते. चित्र पाहून मामी म्हणाल्या, "हे ह्यांच्या धाकट्या भावासारखे दिसतात." डोळ्यांमधले अंतर, नाकपुड्यांची रुंदी आणि ओठांची लांबी यांचे परस्पर प्रमाण आपण नकळत फार बारकाईने ओळखतो. तेव्हापासून नियम असा ठेवला आहे की चेहऱ्याची रुंदी आणि उंची नेहमी एकाच प्रमाणात बदलायची आणि जागा कमी पडली तर पोशाख हलवायचा. टोपीचा काठ थोडा ताणला, कॉलरच्या चुण्या बाहेर सरकवल्या, तर कोणाच्या लक्षातही येत नाही; कॉलरला कोणी ओळखत नसते.

सध्याच्या तिसऱ्या प्रयत्नात बराचसा वेळ त्वचेच्या रंगाने घेतला. डूमर यांचा रंग गुलाबी गोरा, मामांचा गडद सावळा. जिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चेहऱ्याचे रंग जसेच्या तसे उतरवले तर मामा गोरे होतात, आणि गोरे झालेले मामा मामा राहत नाहीत. त्यामुळे मूळ चेहऱ्याकडून रंग न घेता फक्त रंगांमधले नाते घेतले. चित्रात सर्वांत उजळ कॉलर आहे, त्याखालोखाल प्रकाशातले कपाळ आणि गाल. सावल्या उबदार तपकिरी आहेत आणि प्रकाश व सावली यांच्या मधला पट्टा किंचित राखाडी. फोटोतल्या सावल्या मात्र भिंतीमुळे निळसर होत्या. कर्व्ह्ज या रंग कमीजास्त करायच्या साधनाने सावल्यांतला निळा उतरवून लाल थोडा वाढवला, पण गालाचा उजळपणा फोटोत होता तेवढाच ठेवला. पांढऱ्या कॉलरशेजारी सावळा रंग आणखी गडद भासतो आणि तो उजळवण्याचा मोह सतत होतो. तो आवरण्यासाठी कॉलरच थोडी मंद आणि पिवळसर केली.

त्यानंतरचा प्रश्न पोताचा. जिम्पच्या `Wavelet-decompose` या फिल्टरने चेहरा पाच थरांत आणि एका उरलेल्या पायाथरात विभागला. सर्वांत बारीक दोन थरांत त्वचेची छिद्रे आणि कॅमेऱ्याचे कण असतात. ते बंद केल्याबरोबर फोटोपणा निघून जातो. साम्य राहते ते मोठ्या थरांत आणि पायाथरात, म्हणजे गालाच्या उठावात, डोळ्यांच्या खोबणीत आणि कपाळाच्या घडीत. त्यांना हात लावला नाही. गेलेल्या बारकाव्यांच्या जागी कृता या चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केसाळ ब्रशने, गालाच्या गोलाईवरून फिरणारे फटकारे नव्या थरावर मारले. तैलचित्राचा आयता फिल्टर सगळ्या चेहऱ्यावर लावून पाहिला होता, पण तो डोळ्यांचे कोपरे आणि ओठांची मधली रेघ खाऊन टाकतो, आणि मामांची मिस्कील छटा नेमकी त्या रेघेच्या डाव्या टोकाला आहे. तिथे फटकारा मारायचाच नाही असे ठरवले. कॅनव्हासच्या विणीचा पोतही काढून टाकला, कारण हे चित्र लाकडी फळीवर रंगवलेले आहे. या छंदात प्रत्येक चित्रावर वीण आणि भेगा चढवण्याची प्रथा का पडली आहे, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

चिकटवलेपणाची शेवटची खूण कडांवर दिसते. फोटोत चेहऱ्याची कड सगळीकडे सारखीच धारदार असते, पण रेम्ब्रांट सावलीकडची कड पार्श्वभूमीत विरघळवतो. थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा मास्क सावलीकडच्या गालावर मोठ्या मऊ ब्रशने पुसला आणि पार्श्वभूमीचा तपकिरी रंग गालावर किंचित ओढून घेतला. प्रकाशाकडची कड तशीच ठेवली.

तपासणीसाठी चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून मामांच्या शेजारणीला काहीही न सांगता दाखवले. त्यांनी क्षणभर पाहून "टोपी कुणाची घातलीय ह्यांनी?" असे विचारले, तेव्हा ओळख टिकली आहे याची खात्री पटली. मामांनी स्वतः मात्र मिशीला हरकत घेतली. डूमर यांच्या मिशीची टोके मी हौसेने ठेवून दिली होती, तर मामांची मिशी भरघोस, पांढरी आणि खाली वळलेली आहे. आरशासारखे उलटे करून पाहिल्यावर मलाही दिसले की त्या टोकांमुळे ओठांचे कोपरे उगाच वर उचलल्यासारखे वाटतात. आता मिशी फोटोवरून पुन्हा रंगवायला घेतली आहे, आणि नाकावर चष्म्याचे जे दोन वळ राहिले होते ते पुसण्याचे काम बाकी आहे.