एका तिमाहीचं भाववाढीचं बिल

शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसात जुलै ते सप्टेंबर २०२० या तिमाहीचं भाववाढीचं बिल, म्हणजे निविदेनंतर बदललेल्या भावांपोटी कंत्राटदाराला द्यायच्या किंवा त्याच्याकडून वसूल करायच्या रकमेचा हिशेब, तपासायला आलं. काम पुण्यातल्याच एका इमारतीचं. मजुरी घटकात कंत्राटदाराकडून ८,४९,५७१ रुपयांची वसुली दाखवली होती. लॉकडाउनचा काळ, त्यामुळे उणे आकड्याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. मला मात्र ते पटेना. भाव पडले असतील, पण मजुरीचा निर्देशांक तिमाहीत वीस टक्के पडत नाही.

शीटमधल्या सरासरीच्या चौकटीवर क्लिक केलं. `=AVERAGE(C5:C7)`. सूत्र बरोबर. मग वरचे तीन आकडे पाहिले: ३३६, ३३८ आणि ११८.१.

घोळ तिथेच होता. मजुरीची भाववाढ ज्यावरून काढतात तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ऑगस्टपर्यंत २००१ = १०० या पायावर होता, सप्टेंबरपासून तो २०१६ = १०० वर आला. लेबर ब्युरोने नव्या मालिकेसोबत नवा आकडा जुन्या पायावर आणण्यासाठी अखिल भारतीय लिंकिंग फॅक्टर २.८८ दिला होता. आमच्या करारात अखिल भारतीय निर्देशांकच होता, म्हणून हा गुणक चालला. करारात एखाद्या केंद्राचा निर्देशांक असेल तर त्या केंद्राचा गुणक घ्यावा लागतो, तो वेगळा असतो.

११८.१ ला २.८८ ने गुणलं की ३४०.१३ येतात. तिमाहीची सरासरी ३३८.०४, आणि निविदेच्या वेळचा मूळ निर्देशांक ३३०. म्हणजे वाढ २.४३७ टक्के. झालेलं काम २ कोटी, मजुरीचा वाटा २५ टक्के, त्यावर करारातल्या भाववाढीच्या कलमात ठरलेला ०.८५. या तिघांचा गुणाकार ४२,५०,००० आणि त्यावरची वाढ १,०३,५८० रुपये. वसुली नव्हे, देणं! एका चौकटीने साडेनऊ लाखांचा फरक केला होता.

एवढ्यावर सही करायला माझा हात धजेना. म्हणून उलट्या बाजूनेही हिशेब केला: जुने सगळे आकडे, मूळ ३३० सुद्धा, २.८८ ने भागून नव्या पायावर आणले. टक्केवारी तीच यायला हवी, आणि आली. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी मात्र तोच हिशेब करताना मूळ निर्देशांक ११४.६ असा गोल केला, तर रक्कम सहाशेवर रुपयांनी घसरली.

"सर, एवढ्याशा दशांशाने?" त्यांनी विचारलं.

"मूळ निर्देशांक भाजकात आहे ना, मॅडम. तो ११४.५८३३ ठेवा. गोल करायचं ते शेवटच्या रुपयालाच."

कंत्राटदाराला मी त्याच दुपारी फोन केला. वसुलीचा आकडा ऐकून तो आठवडाभर मजुरांचे पगार कसे भागवायचे या विवंचनेत होता. सुधारित शीटमध्ये मी निर्देशांकाशेजारी एक नवा रकाना टाकला, "पायाभूत वर्ष", आणि तीनही ओळींत वर्ष हाताने लिहिलं.