आमची वाटचाल : रंगीत सेटकडून पांढऱ्याकडे

सुरुवातीची काही वर्षं आम्ही बाथरूमच्या भांड्यांचे रंगीत सेट आवडीनं विकले आणि बसवलेही. गुलाबी, फिकट हिरवा, बदामी. टाइल्सच्या पट्टीशी कमोड आणि बेसिनचा रंग जुळला की गिऱ्हाईक खूश आणि आम्हीही.

आमचं मत बदललं ते एका हिरव्या बाथरूममुळे. काचेची बरणी पडून बेसिनला तडा गेला. मालकांना वर्षभरात घर विकायचं होतं, म्हणून ते म्हणाले, "फक्त बेसिन बदलून द्या." पण ती छटा कंपनीनं कधीच बंद केली होती. बरीच शोधाशोध करून जवळचा हिरवा मिळाला. दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात तो अगदी तंतोतंत वाटला. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली कमोडशेजारी ठेवला, तर राखाडी दिसायला लागला. दोन ग्लेझमधली रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात फुटतो. तेव्हापासून नमुना आम्ही जिथे बसवायचा तिथेच, तिथल्याच दिव्याखाली बघतो.

शेवटी बेसिन आणि कमोड दोन्ही पांढरे घेतले. खरी अडचण पुढे होती. नव्या कमोडची बैठक जुन्यापेक्षा लहान, त्यामुळे जुन्या बैठकीचा ठसा आणि सिमेंटची कड फरशीवर उघडी पडली. चार टाइल्स बदलायच्या होत्या आणि शिल्लक एकही नव्हती. त्या जागी आम्ही मुद्दाम वेगळ्या, गडद टाइल्सचा पट्टा काढला, म्हणजे ते ठिगळ वाटू नये. भिंतीवरची हिरवी पट्टी मात्र तशीच ठेवली. पांढऱ्या भांड्यांशेजारी ती उलट उठून दिसली.

आधी घर बघायला येणारे बाथरूमच्या दारातच थांबून "हे सगळं फोडावं लागेल" म्हणत आणि तो खर्च किमतीतून वजा करायला बघत. नंतर ते बोलणं थांबलं. घराची किंमत वाढली असं मी म्हणणार नाही, पण घासाघिशीचं एक कारण गेलं.

आता आम्ही आधी विचारतो, या घरात किती वर्षं राहणार? कायमचं राहायचं असेल आणि रंग मनापासून आवडत असेल, तर जरूर घ्या. फक्त टाकीचं झाकण, सीट कव्हर आणि टाइल्सची एक पेटी जादा घेऊन ठेवा. पाणी जड असेल तर गडद रंग टाळा, क्षाराच्या पांढऱ्या रेघा त्यावर लगेच दिसतात. पांढऱ्यावर त्या लपतात, लोहाचे तांबूस डाग मात्र लपत नाहीत.

पांढराही एकच नसतो बरं का. एक निळसर, एक सायीसारखा. म्हणून बेसिन आणि कमोड आम्ही एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच लॉटचे मागवतो आणि बसवण्याआधी शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतो.