कोकणी पदार्थांची चारशे वर्णने एका साच्यात बसवताना

रत्नागिरीतील महिला बचत गटांच्या विक्री केंद्राची पदार्थसूची सुधारण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिच्यात चारशेच्या आसपास वर्णने होती आणि ती वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली होती. भाषेतील विसंगतीपेक्षा तथ्यांतील घोळ मला अधिक गंभीर वाटला. कोकम आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस आणि कोकम सरबत म्हणजे साखर घातलेला कोकमाचा पाक, परंतु काही ठिकाणी दोन्हींचे वर्णन एकच होते. मधुमेह असलेल्या ग्राहकासाठी हा फरक किरकोळ नाही.

म्हणून मी जुन्या वर्णनांचा स्तंभ जसाच्या तसा राखून ठेवला आणि माहितीचे स्वतंत्र स्तंभ केले. ते जुन्या मजकुरावरून न भरता पाकिटावरील लेबल समोर ठेवून भरले. एका तुकडीत एकाच प्रकारचे पदार्थ घेतले, म्हणजे आधी सर्व कोकमाचे, मग फणसाचे, कारण एकसारख्या नोंदी शेजारी आल्या की वेगळी पडणारी नोंद लगेच डोळ्यांत भरते.

साचा ठरवताना मराठीचे व्याकरण आडवे आले. ‘पासून’ लिहिले की प्रत्येक घटकाचे सामान्यरूप करावे लागते, साखर असेल तर साखरेपासून. ‘वापरून’ घेतल्यावर ती अडचण उरली नाही. लिंगाचा प्रश्न मात्र राहिलाच, कारण मुरंबा केलेला, फणसपोळी केलेली आणि आगळ केलेले. त्यासाठी मी क्रियारूपाचा वेगळा स्तंभ ठेवला. नाव A, घटक B, क्रियारूप C आणि साखर D मध्ये ठेवून सूत्र असे झाले:

```
=B2&" वापरून "&C2&" "&A2&"."&IF(D2="",""," यात साखर "&D2&".")
```

आगळाच्या ओळीतून ‘कोकमाचा रस आणि मीठ वापरून तयार केलेले कोकम आगळ. यात साखर नाही.’ असा मजकूर तयार होतो. साखरेचा रकाना रिकामा असेल, तर साखरेविषयीचे वाक्यच येत नाही. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माहिती नसणे आणि साखर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे ‘नाही’ हा शब्द लेबलवर तसे स्पष्ट असेल तेव्हाच भरायचा.

‘शोधा आणि बदला’ ही सोय मी फक्त ‘ग्राम’चे ‘ग्रॅम’ करण्यासारख्या कामांपुरती, निवडलेल्या स्तंभातच वापरली. ‘आंबा’च्या जागी सरसकट ‘हापूस’ घातले असते, तर आंबापोळीची ‘हापूसपोळी’ झाली असती. शिवाय रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने ते नाव अंदाजाने लावणे योग्य नाही.

प्रत्येक तुकडीनंतर वर्णने लांबीनुसार क्रमाने लावली. फार आखूड ओळीत बहुधा घटकांचा रकाना रिकामा निघे. त्यानंतर काही ओळी यादृच्छिक निवडून दुसऱ्या ताईंना पाकिटाशी ताडून पाहायला दिल्या, कारण ज्याने भरले त्यालाच स्वतःची चूक सहज दिसत नाही. एखाद्या ओळीत तफावत आढळली, की त्या गटाची संपूर्ण तुकडी पुन्हा तपासली आणि ती जुळल्यावरच सूत्रातून आलेला मजकूर मूल्य म्हणून चिकटवून सूचीत चढवला.