कोणाचा शुक्रवार?

डिसेंबरातली गोष्ट. चुलतभावाची हळद पारोळ्याला, शुक्रवारी संध्याकाळी. आणि मी अमळनेरात संगणकासमोर. सिअ‍ॅटलच्या एका आर्किटेक्टसाठी मी घरांचे नकाशे काढतो. त्यांनी लिहिलं होतं, 'शुक्रवारी दिवसअखेर द्या.' मी मान मोडून बरोबर सातला नकाशे पाठवले आणि पोच यायची वाट पाहत बसलो. पोच कसली येतेय! हिवाळ्यात सिअ‍ॅटल आपल्या साडेतेरा तास मागे असतं. माझे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्या शुक्रवारची पहाट, साडेपाच. त्यांचे संध्याकाळचे पाच आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला वाजणार होते. हळद लावून, पंगतीत शेवभाजी हाणून, अकराला घरी येऊन उरलेलं काम निवांत झालं असतं.

वजाबाकी मला येते. चुकलो ते 'शुक्रवार' हा शब्द वाचताना. तो मी माझाच धरला. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही, तरी गावात त्यावरून घोळ होत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात उभे असतात. आता मी उत्तरात लिहून टाकतो: 'तुमच्या शुक्रवारी, ५ डिसेंबरला, सिअ‍ॅटलच्या संध्याकाळी ५ पर्यंत पाठवतो.' महिना अक्षरातच लिहायचा. ५/१२ लिहिलं तर तिकडे ती १२ मे होते.

मुदत एकवेळ सांभाळता येते, प्रश्न विचारणं अवघड. एका सोमवारी संध्याकाळी सहाला मी विचारलं, 'दार आत उघडायचं की बाहेर?' त्यांनी ऑफिसात आल्या आल्या, नऊला, उत्तर दिलं. इथे तेव्हा रात्रीचे साडेदहा, मी झोपलेलो. मंगळवारी सकाळी सातला वाचलं, तर उत्तर होतं: 'कोणतं दार?' लगेच लिहिलं, पण तिकडे सोमवारचे साडेपाच वाजून ऑफिसला कुलूप लागलं होतं. मग पुन्हा त्यांची सकाळ, माझी रात्र. बुधवारी सकाळी कळलं की आत. एका न्हाणीघराच्या दारासाठी सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ! समोर असतो तर नकाशावर बोट ठेवून काम भागलं असतं.

त्यांचे नऊ ते पाच आणि माझे सात ते सहा कुठेच एकमेकांना शिवत नाहीत. म्हणून मी प्रश्न विचारायची पद्धतच बदलली. हल्ली असं लिहितो: 'पान ४, वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर. दार आत उघडणारं धरून पुढे जातोय. बाहेर हवं असेल तर तुमच्या सोमवारी संध्याकाळी ५ च्या आत कळवा.' त्यांचे पाच म्हणजे माझ्या मंगळवारचे साडेसहा; सातला मी कामाला बसतो. उत्तर आलं नाही तरी माझा दिवस फुकट जात नाही. अर्थात हे दाराच्या बाबतीत ठीक, दार फिरवायला अर्धा तास पुरतो. जिना कुठे घ्यायचा हे असं धरून चालायची माझी हिंमत नाही. त्यासाठी मी रात्रीच्या फोनची वाट पाहतो.

तो फोन आठवड्यातून एकदा, त्यांच्या सकाळी आठला. उन्हाळ्यात इथे साडेआठ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. आपण काहीच करत नाही, तरी आपल्या कॅलेंडरातला फोन साडेनऊवर सरकतो. पहिल्या वर्षी मी साडेआठपासून केस विंचरून एकटाच पडद्यासमोर बसलो होतो. त्यांच्यातही काही जण भर जुलैत 'पीएसटी' लिहितात, ती तिथली हिवाळी वेळ. शब्दशः धरलं की तासाने चुकलंच. मी नुसतं 'सिअ‍ॅटल वेळ' लिहितो.

आपल्या वेळेतला अर्धा तास मात्र त्यांना सतत खटकतो. खरं तर तो अमळनेरलाही लागू नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आमचं गाव जवळपास ७५ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर गावातला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागेच चालतो. हे मी एकदा त्यांना सांगितलं. ते हसले, आणि वेळ पुन्हा चुकवली.

परवा (मागच्या) फोन चालू असताना माय दारात आली. 'इतली रातले कोणसंगे बोलस रे?' म्हटलं, साहेबांशी, तिकडे आत्ता कुठे सकाळ झालीय. ताटावरचं झाकण काढत ती म्हणाली, 'मंग त्यास्ले च्या पिऊ दे. तू जेवी ले.'