‘ओल्या बेरजांनी मंगळवार सोलला’

रेडिओवरच्या भाषणात फळा नसतो. वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही निरर्थक कसं असू शकतं, हे सांगायचं तर उदाहरण श्रोत्याच्या कानावर एकदाच पडणार आणि त्याला ते तेवढ्यातच पेलायला हवं. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे संथ वाचनाने अकराशे-बाराशे शब्द. त्यात उदाहरणं चार-पाच मावतात, आणि प्रत्येक उदाहरण चार-पाच शब्दांपेक्षा लांब असून चालत नाही. लांब वाक्यात श्रोता अर्थ शोधत बसतो आणि पुढचं त्याच्या कानावरून निघून जातं.

या विषयाचं जगभर वापरलं जाणारं उदाहरण भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात ते आलं. मराठीत आणायचं तर ‘रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषाने झोपतात’. त्याच्या शेजारी चॉम्स्कींनी तेच शब्द उलट क्रमाने लिहिले. दोन्ही ओळी सारख्याच अर्थशून्य, तरी इंग्रजी बोलणारा माणूस पहिली वाक्य म्हणून स्वीकारतो आणि दुसरी नाकारतो. म्हणजे वाक्यरचनेची जाण अर्थाच्या आधाराशिवायही काम करते, असा त्यांचा मुद्दा.

मराठी श्रोत्यांसमोर ही जोडी तशीच ठेवली की मुद्दा फसतो. ‘झोपतात त्वेषाने कल्पना हिरव्या रंगहीन’ ही ओळ ऐकून मराठी माणूस ती चूक म्हणत नाही, नवकविता म्हणतो. इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोण हे बरंचसं शब्दांच्या जागेवरून कळतं. मराठीत ते प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं सांगतात, त्यामुळे शब्द बरेच इकडे-तिकडे हलवले तरी वाक्य उभं राहतं. शिवाय ‘झोपणे’ आपल्याकडे फार लवचिक आहे. धंदा झोपतो, बाजार झोपतो. मग कल्पना झोपली तर श्रोता सहज सांभाळून घेतो आणि निरर्थकपणाच हातातून निसटतो.

म्हणून माझ्या रेडिओ भाषणाच्या संहितेसाठी वेगळं वाक्य बांधलं: ‘ओल्या बेरजांनी मंगळवार सोलला.’ चारच शब्द, पण मराठी वाक्यरचनेचे तीन सांधे त्यात येतात. ‘बेरीज’ला ‘नी’ लागताना तिचं सामान्यरूप ‘बेरजां’ झालं. त्या रूपाशी जुळण्यासाठी ‘ओली’चं ‘ओल्या’ झालं. आणि भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागल्यावर क्रियापद कर्त्याचं न ऐकता कर्माचं ऐकतं, म्हणून ‘मंगळवार’ पुल्लिंगी एकवचनी, तर ‘सोलला’. हे सगळं बरोबर आहे की नाही ते पाहायला त्याच साच्यात रोजचे शब्द घालायचे: ‘छोट्या मुलांनी कांदा सोलला.’ सांगाडा तोच, प्रत्यय तेच. दुसरं वाक्य चालतं तर पहिलंही रचना म्हणून चाललंच पाहिजे.

आता बिघाड करायचा तो क्रमात नाही, प्रत्ययांत. ‘ओला बेरजांनी मंगळवारात सोलल्या.’ शब्द तेच, क्रम तोच. ‘ओला’ला जोडीदार नाही, ‘मंगळवारात’मुळे सोलायला काही उरलं नाही, आणि ‘सोलल्या’ कुणाशी जुळतंय ते कळत नाही. अशा रीतीने संहितेत तीन ओळी तयार झाल्या: नीट क्रमातली, उलटसुलट क्रमातली (‘मंगळवार सोलला ओल्या बेरजांनी’) आणि प्रत्यय मोडलेली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी या ओळींची परीक्षा ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी घेतली, तीही न ठरवता. संहिता त्यांच्यासमोर नव्हती. काचेपलीकडून ते फक्त आवाज ऐकत होते. पहिली ओळ वाचली, ते मीटरकडे बघत राहिले. दुसरी वाचली, तेव्हाही काही नाही. तिसरी वाचताच टॉकबॅकवर आवाज आला, “मॅडम, फंबल झालं. ओळ परत घ्या.”

वाचनात अडखळण्याला स्टुडिओत फंबल म्हणतात, आणि तो पकडणं हेच त्यांचं काम. फंबल झालेला नाही, ओळ मुद्दाम तशी आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग आधीच्या दोन बरोबर होत्या?”

“तुम्ही थांबवलं नाहीत.”

“त्यांचा अर्थ मलाही लागला नाही. पण वाचताना तुम्ही कुठे घसरला नाहीत.”

भाषणात जे दहा मिनिटं सांगायचं होतं ते एवढ्यात सांगून झालं. यात त्यांच्या कानाला मदत करणारी एक गोष्ट होती, तीही चॉम्स्कींनी १९५७ सालीच टिपली आहे. व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्य आपण वाक्याच्या नेहमीच्या सुरात वाचतो. मोडलेल्या ओळीत मात्र प्रत्येक शब्दाचा सूर वेगळा खाली पडतो, जणू वाणसामानाची यादी वाचतोय. ‘ओल्या बेरजांनी’ एका श्वासात जातं, तिथे आवाज थोडा उचलला जातो आणि ‘सोलला’वर उतरतो. ‘ओला’ आणि ‘बेरजांनी’ यांना एका श्वासात बांधायला गेलं तर जीभच नकार देते. वाचणाऱ्याने कितीही ठरवलं तरी हा फरक लपत नाही, आणि रेडिओवर तो फायद्याचा आहे: कागदावर जे समजावून सांगावं लागतं ते इथे आपोआप ऐकू येतं.

संहितेचा पुढचा भाग आपल्याकडच्या जुन्या चर्चेवर होता. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात वाक्यातून ज्ञान होण्यासाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. प्रत्येकीच्या अभावाचं उदाहरण तिथेच दिलेलं आहे. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ ही शब्दांची रांग. यातल्या एकाही शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा नाही, म्हणून आकांक्षा नाही. ‘विस्तवाने शिंपावे’ यात शब्दांना एकमेकांची अपेक्षा पुरेपूर आहे, शिंपायला साधन हवंच. पण विस्तव ते काम करू शकत नाही, म्हणून योग्यता नाही. आणि ‘गाय आण’ हे दोन शब्द प्रहर-प्रहराच्या अंतराने उच्चारले तर संनिधी नाही.

आकांक्षा म्हणजे आजचं ‘सिंटॅक्स’ असं थेट समीकरण मांडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण आकांक्षेत प्रत्ययांच्या जुळणीबरोबर ऐकणाऱ्याची जिज्ञासाही धरली जाते. पण आपल्या कामापुरती विभागणी तिथे स्पष्ट आहे. मंगळवाराच्या वाक्यात आकांक्षा आहे, योग्यता नाही. मोडलेल्या ओळीत गोष्ट योग्यतेपर्यंत पोचतच नाही.

यावर वैयाकरणांनी नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांच्या, म्हणण्याला घेतलेली हरकत मला सगळ्यात टोकदार वाटते. विस्तवाने शिंपता येत नाही, हे तुम्हाला कळलं कसं? वाक्यातून काहीच बोध झाला नसता तर तुम्ही हसला नसता, ‘विस्तवाने कसं शिंपणार?’ असं विचारलंही नसतं. म्हणजे बोध झाला; तो जगाशी जुळला नाही, एवढंच. या हरकतीनंतर ‘निरर्थक’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मंगळवाराच्या वाक्याला मुळी अर्थच नाही, असं म्हणता येत नाही. कुणी सोललं? बेरजांनी. काय सोललं? मंगळवार. बेरजा कशा होत्या? ओल्या. हे तिन्ही प्रश्न ऐकणारा न अडता सोडवतो, कारण उत्तरं प्रत्ययांत आहेत. मोडलेल्या ओळीला हेच प्रश्न विचारले तर ‘ओला कोण?’ इथेच गाडी अडते.

दोन्ही दोष वेगळे आहेत याची आणखी एक खूण आहे, आणि ती भाषणात ठेवली कारण श्रोता ती घरी करून बघू शकतो. संशयित वाक्यापुढे ‘असं म्हणणं वेडेपणाचं आहे’ हे जोडायचं. ‘ओल्या बेरजांनी मंगळवार सोलला असं म्हणणं वेडेपणाचं आहे.’ हे वाक्य नुसतं शुद्ध नाही, खरंही आहे. अर्थाचा दोष बाहेरच्या वाक्यात विरघळला. ‘ओला बेरजांनी मंगळवारात सोलल्या असं म्हणणं वेडेपणाचं आहे’ यात मात्र रचनेचा दोष होता तिथेच राहतो. स्वप्नाचंही तसंच. ‘मला स्वप्न पडलं की मंगळवार सोलला जातोय’ असं कुणीही सांगू शकतं. विभक्ती मोडलेलं स्वप्न कुणी सांगत नाही.

उलट बाजूला श्रोत्यांची कायम गफलत होते, म्हणून तिथेही एक उदाहरण दिलं: ‘माझा आई उद्या येतो.’ मराठी शिकणारा माणूस असं बोलला तर अर्थ शंभर टक्के पोचतो आणि रचना दोन ठिकाणी चुकलेली असते. आई उद्या येणार नसेल तर ते वाक्य वर खोटंही ठरेल. चुकीचं, खोटं आणि निरर्थक हे तीन वेगळे दोष आहेत. बोलताना मात्र तिघांनाही आपण ‘काहीतरीच!’ म्हणून एकाच पोत्यात टाकतो.

एवढं झाल्यावर रचना आणि अर्थ यांच्यात पक्की भिंत आहे असं वाटू लागतं. मराठीत ती तितकी पक्की नाही. ‘मी कांदा सोलला’ चालतं, पण ‘मी सीता पाहिली’ खटकतं. तिथे ‘मी सीतेला पाहिलं’ हवं. कर्म माणूस असेल, त्यातही नावाने ओळखलेला माणूस असेल, तर ‘ला’ बहुधा येतोच, आणि ‘ला’ आला की क्रियापद कर्माशी जुळणं सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जातं. म्हणजे प्रत्यय लावायचा की नाही हे ठरवताना व्याकरण अर्थाकडे डोकावून बघतं, सजीव की निर्जीव ते विचारतं. चॉम्स्कींनी स्वतः १९६५ साली कर्ता सजीव हवा की नको यासारखी बंधनं वाक्यरचनेच्या भागातच घातली होती. ती तिथली की अर्थाच्या भागातली, यावर पुढे बराच वाद झाला.

हा मुद्दा संहितेत शेवटी एका ओळीत होता. वेळ उरला होता म्हणून ती ओळ सावकाश वाचली: ‘ओल्या बेरजांनी मंगळवाराला सोललं.’ बेरजा तशाच ओल्या, सोलणंही तसंच अशक्य. बदलला तो एक प्रत्यय आणि त्याच्यामागून क्रियापदाचं रूप.

या वेळी टॉकबॅकवरून फंबलची तक्रार आली नाही. “मॅडम,” ते म्हणाले, “हा मंगळवार कुणाचं नाव आहे का?”